तयार उत्तर आपलेसे कसे होते

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरातच्या सीमेलगतच्या आदिवासी पट्ट्यातले गाव असून, आसपासच्या पाड्यांवरची मुले शाळेसाठी, आश्रमशाळेसाठी आणि पुढे महाविद्यालयासाठी अशाच मोठ्या गावांकडे येतात. या पट्ट्यात दहावीच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या वेळेनंतर विचारायला घरात कोणी असतेच असे नाही. त्यामुळे सोडवलेली उदाहरणे असलेले गाईड किंवा वरच्या वर्गातल्या मुलाची जुनी वही हाच त्याचा रात्रीचा शिक्षक ठरतो. अशा तयार उत्तराकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या पद्धती रूढ आहेत: एकीत ते जसेच्या तसे वहीत उतरवले जाते, तर दुसरीत तयार उत्तर पाहणे म्हणजे फसवणूकच, असे मानून विद्यार्थ्याला तासन्‌तास एकट्याने झगडायला सांगितले जाते. शिक्षणशास्त्रातील संशोधनाने यांतली कोणतीही पद्धत योग्य ठरवलेली नाही. तयार उत्तर हे शिकण्याचे उत्तम साधन होऊ शकते, मात्र त्यासाठी पुस्तक मिटून ते आठवणीतून पुन्हा लिहावे लागते आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीचे कारण स्वतःच्या शब्दांत द्यावे लागते.

यांपैकी पहिल्या गोष्टीला मानसशास्त्रात स्मरणाधारित सराव म्हणतात. वाचलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी तो न पाहता आठवण्याचा प्रयत्न करणे, असा त्याचा अर्थ आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच समजणे, असा भ्रम होतो. कोरा कागद मात्र हा भ्रम टिकू देत नाही.

दुसऱ्या गोष्टीला स्व-स्पष्टीकरण असे नाव आहे. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यार्थी भौतिकशास्त्रातील सोडवलेली उदाहरणे कशी वाचतात हे त्यांना मोठ्याने विचार करायला सांगून तपासले गेले. पुढे ज्यांना नवी उदाहरणे चांगली सोडवता आली, ते विद्यार्थी वाचतानाच प्रत्येक पायरी कोणत्या अटीवर उभी आहे हे स्वतःला सांगत होते आणि ‘हे कळले नाही’ असेही अधिक वेळा नोंदवत होते. ज्यांना फारसे जमले नाही, ते उदाहरण सुरळीत वाचून पुढे जात आणि नवे गणित समोर आले की उतरवून घेण्याजोगी ओळ शोधण्यासाठी पुन्हा मागे वळत. न कळल्याची जाणीव चांगल्या विद्यार्थ्यांना जास्त होती, ही या अभ्यासातील सर्वांत उपयुक्त बाब आहे, कारण ओळीओळीचे कारण लिहिण्याची पद्धत नेमकी हीच जाणीव घडवून आणते.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी दहावीच्या बीजगणितातील वर्गसमीकरणांचे, म्हणजे ज्यात अज्ञात संख्येचा वर्ग येतो अशा समीकरणांचे, एक उदाहरण घेता येईल. हरसूलहून नाशिककडे निघालेल्या एका बसला ६० किलोमीटर अंतर कापायचे आहे. तिचा वेग नेहमीपेक्षा ताशी १० किलोमीटरने वाढवला तर ती अर्धा तास आधी पोहोचते. तर तिचा नेहमीचा वेग किती, असा प्रश्न आहे. अंतराचा आकडा येथे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. गाईडमध्ये अशा प्रश्नाचे उत्तर साधारणपणे पुढीलप्रमाणे छापलेले असते.

```
(१) बसचा नेहमीचा वेग ताशी x किमी मानू.
(२) ६०/x − ६०/(x + १०) = १/२
(३) ६००/[x(x + १०)] = १/२
(४) x² + १०x = १२००
(५) x² + १०x − १२०० = ०
(६) (x + ४०)(x − ३०) = ०
(७) x = −४० किंवा x = ३०
(८) वेग ऋण नसतो, म्हणून x = ३०
```

विद्यार्थ्याने हे उत्तर एकदा सावकाश वाचावे, गाईड मिटावे आणि कोऱ्या कागदावर प्रश्नापासून सुरुवात करून ते लिहून काढावे. जेथे आठवत नाही तेथे पुस्तक न उघडता जागा मोकळी सोडावी आणि पुढचे जे आठवते ते लिहावे. संपूर्ण प्रयत्न झाल्यावरच गाईड उघडून फरक वेगळ्या रंगाच्या शाईने नोंदवावेत, कारण पहिला प्रयत्न खोडून सुधारला तर कोठे अडले होते याचा पुरावाच नाहीसा होतो. या तुलनेत तीन प्रकारचे फरक आढळतात. काही ओळी शब्दांनी वेगळ्या पण अर्थाने त्याच असतात. त्या शुभलक्षण मानाव्यात. काही ओळी गाळलेल्या असतात आणि काही चुकीच्या असतात. खरा अभ्यास या दोन प्रकारच्या ओळींपासून सुरू होतो. वरच्या उत्तरात दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर जाताना विद्यार्थी अडखळण्याची शक्यता मोठी आहे, कारण तेथे एक पायरी छापलेलीच नाही. दोन अपूर्णांकांचा छेद समान केल्यावर अंशात ६०(x + १०) − ६०x असे येते, त्यातील ६०x परस्परांना छेदतात आणि ६०० उरतात. गाईड वाचताना ही उणीव जाणवत नाही, पण आठवून लिहिताना ६०० कोठून आणायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

यानंतर प्रत्येक ओळीच्या उजवीकडे तिचे स्पष्टीकरण लिहायचे असते आणि या स्पष्टीकरणाने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत: या ओळीत काय केले, तसे करण्याची मुभा कशामुळे मिळाली आणि ते करण्याची गरज का पडली. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात. ‘येथे तिरकस गुणाकार केला’ किंवा ‘येथे १२०० डावीकडे नेले’ ही वाक्ये घडलेली कृती सांगतात, तिचे कारण सांगत नाहीत. हा फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे: लिहिलेले वाक्य केवळ वरची आणि खालची ओळ पाहून, प्रश्न न वाचताही लिहिता आले असते, तर ते वर्णन आहे, स्पष्टीकरण नव्हे.

दुसऱ्या ओळीचे स्पष्टीकरण या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, कारण शब्दांतला प्रश्न समीकरणात उतरतो तो तेथेच. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, म्हणून ६०/x हा नेहमीचा वेळ आणि ६०/(x + १०) हा वाढीव वेगाने लागणारा वेळ. वेग वाढला की वेळ कमी होतो. म्हणजे पहिला अपूर्णांक मोठा आहे, आणि फरक धन यावा म्हणून तो आधी लिहून त्यातून दुसरा वजा केला आहे. उजवीकडे ३० न लिहिता १/२ लिहिले आहे, कारण वेग ताशी मोजला असल्यामुळे वेळही तासांतच मोजला पाहिजे. या तीन कारणांपैकी एकही गाईडमध्ये छापलेले नाही, पण त्यांतले एक जरी निसटले तरी पुढच्या सर्व ओळी बिनचूक सोडवूनही उत्तर चुकते. चौथ्या ओळीत दोन्ही बाजूंना २x(x + १०) ने गुणले आहे. ही मुभा मिळते ती x आणि x + १० यांपैकी काहीही शून्य नाही म्हणून, आणि वेगाने भागायचे असल्यामुळे तो शून्य नाही हे दुसऱ्या ओळीतच गृहीत धरले गेले आहे.

पाचव्या ओळीत सर्व पदे एका बाजूला आणून उजवीकडे शून्य ठेवले जाते. ही मांडणीतली टापटीप आहे असे अनेकांना वाटते, पण त्या शून्याखेरीज सहावी आणि सातवी ओळ उभीच राहत नाही. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी किमान एक संख्या शून्य असलीच पाहिजे, हा गुणधर्म फक्त शून्याला लागू आहे. गुणाकार १२०० आहे एवढ्यावरून दोन गुणकांपैकी कोणत्याही एकाविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही. ‘पक्षांतर केले की चिन्ह बदलते’ हे वाक्यही असेच पुरेसे वाटते आणि पुरेसे नसते, कारण त्यात नियम सांगितला जातो, नियमामागचे कारण सांगितले जात नाही. दोन्ही बाजूंतून १२०० वजा केले आणि समान संख्यांतून समान संख्या वजा केली तरी समानता टिकते, हे कारण झाले. सहाव्या ओळीतील ४० आणि ३० या संख्या कशा सुचल्या, हेही लिहावे लागते: ज्यांचा गुणाकार १२०० आणि ज्यांच्यातला फरक १० आहे अशा त्या दोन संख्या आहेत, आणि मधल्या पदाचे चिन्ह धन असल्यामुळे मोठ्या संख्येला धन चिन्ह मिळाले आहे.

आठव्या ओळीत एक धोका दडलेला आहे. ‘वेग ऋण नसतो’ हे छापलेले कारण बरोबर आहे, पण आठवणीत त्याचे रूप हळूहळू ‘ऋण उत्तर टाकून द्यायचे’ असे होते. हा संकुचित नियम कसा फसवतो याचे उत्तम उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आहे. माकडांच्या एका कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर तितकी माकडे गुहेत गेली आणि एक माकड बाहेर दिसते. तर कळपात माकडे किती, असा तो प्रश्न आहे. कळपाची संख्या x मानल्यास समीकरण असे होते.

```
(x/५ − ३)² + १ = x
x² − ५५x + २५० = ०
x = ५० किंवा x = ५
```

येथे दोन्ही उत्तरे धन आहेत आणि दोन्ही समीकरणाला तंतोतंत लागू पडतात. तरीही भास्कराचार्य ५ हे उत्तर अग्राह्य ठरवतात, कारण पाचाचा पाचवा हिस्सा १ आहे आणि त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात. वर्ग केल्यावर हे ऋणत्व झाकले जाते, पण ‘उणे दोन माकडे’ या मधल्या पायरीला काही अर्थ राहत नाही. म्हणजे उत्तर स्वीकारायचे की टाकायचे हे उत्तराच्या चिन्हावरून ठरत नसून, ते मूळ प्रश्नात परत ठेवल्यावर तेथील प्रत्येक राशीला अर्थ राहतो की नाही यावरून ठरते. बसच्या उदाहरणात आठव्या ओळीसमोर ‘x = −४० हे उत्तर प्रश्नात ठेवले तर नेहमीचा वेळ ६०/(−४०), म्हणजे ऋण येतो आणि प्रवासाला ऋण वेळ लागू शकत नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी माकडांच्या उदाहरणातही अडत नाही; ‘ऋण म्हणून टाकले’ असे लिहिणारा मात्र ५० आणि ५ यांपैकी काय निवडावे या संभ्रमात पडतो.

ओळीमागचे कारण मागण्याची ही परंपरा मराठी प्रदेशाला नवी नाही. भास्कराचार्यांचे गणिताचे नियम पद्यात असल्यामुळे ते पाठ करणे सोपे होते. पण एखादा नियम का खरा आहे हे दाखवणाऱ्या युक्तिवादाला, म्हणजे उपपत्तीला, त्यांनी स्वतःच अनिवार्य मानले होते आणि उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला जाणकारांच्या सभेत मान मिळत नाही व त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही, असे ‘सिद्धान्तशिरोमणी’त स्पष्ट केले होते. पुढे कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, तेव्हा ग्रंथातील अनेक नियमांच्या उपपत्ती त्यांनी मांडून दाखवल्या. पाठांतर आणि कारण या दोहोंना या परंपरेत आपापली जागा होती: नियम पाठ असल्यामुळे तो हाताशी राहत असे आणि उपपत्तीमुळे तो कोठे लागू होतो हे कळत असे. कारणावाचून राहिलेले पाठांतर मात्र प्रश्न बदलताच निरुपयोगी ठरते, आणि हेच आजच्या गाईडच्या बाबतीत तपासून पाहता येते.

ही तपासणी करण्यासाठी मूळ प्रश्नात एकच बदल करावा. बसचा वेग नेहमीपेक्षा ताशी १० किलोमीटरने कमी झाला तर ती अर्धा तास उशिरा पोहोचते, असे म्हटले तर आकडे सगळे तेच राहतात. केवळ उत्तराचे रूप लक्षात ठेवलेला विद्यार्थी येथेही x² + १०x − १२०० = ० असेच लिहितो आणि ३० हे उत्तर काढतो. ज्याने दुसऱ्या ओळीचे कारण लिहिले आहे त्याला मात्र आता कमी वेगाचा वेळ मोठा आहे हे दिसते आणि तो पुढीलप्रमाणे मांडणी करतो.

```
६०/(x − १०) − ६०/x = १/२
x² − १०x − १२०० = ०
(x − ४०)(x + ३०) = ०
x = ४०
```

ताळा करून पाहिला तर ताशी ४० किलोमीटरने दीड तास आणि ताशी ३० किलोमीटरने दोन तास लागतात, म्हणजे फरक अर्ध्या तासाचाच येतो. उलट ३० हे उत्तर धरले तर कमी झालेला वेग २० होतो, त्याने तीन तास लागतात आणि फरक एक तासाचा येतो. विद्यार्थ्याला आपली चूक शिक्षकावाचूनही कळू शकते ती या ताळ्यामुळे.

यापुढची कसोटी अधिक कठीण आहे, कारण तीत गोष्टच बदलते. हरसूलच्या डोंगराळ भागात भाताबरोबर नागली पिकते. १२०० रुपयांची नागली घेताना भाव किलोमागे १० रुपयांनी उतरला तर १० किलो जास्त मिळते, तर मूळ भाव किती, असा प्रश्न विचारला तर त्यात बस, वेग किंवा वेळ यांपैकी काहीच नाही. तरी मूळ भाव x मानून मांडलेले १२००/(x − १०) − १२००/x = १० हे समीकरण सोडवत नेले की x² − १०x − १२०० = ० हेच वर्गसमीकरण समोर येते आणि मूळ भाव किलोला ४० रुपये निघतो; ४० च्या भावाने ३० किलो आणि ३० च्या भावाने ४० किलो. ठरावीक अंतर वेगाने भागणे आणि ठरावीक रक्कम भावाने भागणे या गणिताच्या दृष्टीने एकाच प्रकारच्या क्रिया आहेत, हे ज्याला दुसऱ्या ओळीचे कारण लिहिताना उमगले, त्याला हे साम्य दिसते. ज्याने तेथे ‘बसचे सूत्र वापरले’ एवढेच लिहिले, त्याच्यासाठी हे संपूर्णपणे नवे गणित असते.

स्पष्टीकरण कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न हरसूलच्या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील अनेक मुलांच्या घरची भाषा कोकणा, वारली किंवा महादेव कोळी समाजाची बोली असते आणि पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी त्यांना शाळेतच भेटते. प्रमाण भाषेतच कारण द्यायचे बंधन घातले, तर विद्यार्थी गाईडमधलेच शब्द परत लिहितो आणि ते शब्द समजले आहेत की केवळ उचलले आहेत हे शिक्षकालाही ओळखता येत नाही. म्हणून पहिले स्पष्टीकरण घरच्या बोलीत तोंडी व्हावे आणि लेखी उत्तरासाठी ते नंतर प्रमाण मराठीत उतरवावे, हा क्रम अधिक खात्रीचा आहे. बोलीत सांगताना उसने शब्द हाताशी नसल्यामुळे कारण स्वतःच घडवावे लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा पूर्वज्ञानाची आहे: ज्याला अपूर्णांकांची वजाबाकी येत नाही त्याने वरचे उत्तर कितीही वेळा आठवून लिहिले तरी तिसऱ्या ओळीचे कारण त्याला सापडणार नाही, आणि अशा वेळी त्याने हे उदाहरण बाजूला ठेवून अपूर्णांकांकडे परतणे हाच उपाय असतो. दुसरी मर्यादा अशी की विद्यार्थ्याने दिलेले कारण आत्मविश्वासाने लिहिलेले असूनही चुकीचे असू शकते. म्हणून ज्या ओळीबद्दल शंका आहे तिच्यात x च्या जागी ३० ठेवून दोन्ही बाजू समान येतात का हे पाहावे आणि तरीही उलगडा झाला नाही तर तेवढीच ओळ शिक्षकाला दाखवावी. ‘हे गणित येत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘चौथ्या ओळीत गुणण्याची मुभा कशी मिळाली हे कळले नाही’ या प्रश्नाला उत्तर देणे शिक्षकालाही सोपे जाते. छापील उत्तरातही चूक असू शकते, आणि ती ओळीचे कारण शोधू पाहणाऱ्याच्याच नजरेस येते.

तिसरी मर्यादा काळाची आहे. त्याच बैठकीत तेच उत्तर पुन्हा पुन्हा लिहिले तर ते हाताच्या सवयीने उतरते. म्हणून दुसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशी आणि तिसरा साधारण आठवड्याने करावा. तिसऱ्या वेळी मूळ प्रश्नाऐवजी त्याचे बदललेले रूप घ्यावे. एकदा हा प्रकार नीट जमू लागला की ओळीओळीचे स्पष्टीकरण लिहिणे थांबवून नवी गणिते थेट सोडवायला घ्यावीत, कारण जाणत्याला उलगडून सांगितलेली प्रत्येक पायरी मदत करण्याऐवजी त्याचा वेग खुंटवते. थांबण्याची वेळ आली आहे की नाही, हे विद्यार्थी एका प्रश्नाने ठरवू शकतो: प्रश्नातला अमुक एक शब्द किंवा आकडा बदलला तर उत्तरातली कोणती ओळ बदलेल आणि कोणती तशीच राहील, हे त्याला गणित न सोडवता सांगता येते का. ‘वाढवला’ऐवजी ‘कमी झाला’ म्हटले तर दुसरी ओळ बदलते, ‘अर्धा तास’ऐवजी ‘२० मिनिटे’ म्हटले तर उजवीकडचा अपूर्णांक बदलतो, पण पाचव्या ओळीत उजवीकडे शून्य आणण्याची गरज दोन्ही वेळा कायम राहते. एवढे ज्याला सांगता आले, त्याला त्या उदाहरणासाठी पुन्हा गाईड उघडावे लागत नाही.